व्हिनेगरची रेषा शून्यापर्यंत का पोहोचत नाही?

बारावीच्या प्रयोगवहीत दरवर्षी एक आलेख हमखास सापडतो. आडव्या अक्षावर संहतीचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर मोलर वाहकता, मीठ किंवा पोटॅशियम क्लोराइडचे चार बिंदू, त्यांतून पट्टीने ओढलेली सरळ रेषा आणि ती उभ्या अक्षाला जिथे टेकते तिथे लाल पेनाने केलेलं वर्तुळ. त्याच्या पुढच्या पानावर ॲसेटिक आम्ल असतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. तिथेही मुलं बिंदू मांडतात आणि मग पट्टी हातात धरून थांबतात. बिंदू सरळ रेषेत बसत नाहीत. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं की सौम्य आम्लासाठी ही रीत चालत नाही, कोलराउशचा नियम वापरा. बहुतेक जण ते सूत्र पाठ करून पुढे जातात.

मागच्या वर्षी एका मुलीने मात्र विचारलं, "सर, आपण अजून पातळ द्रावण घेऊन आणखी दोन बिंदू मोजले तर? कधीतरी रेषा सरळ होईलच ना?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

## मोलर वाहकता म्हणजे काय मोजतो आपण

पाण्यात मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन भाग सुटे होतात. एकावर धन प्रभार, दुसऱ्यावर ऋण. या प्रभारित कणांना आयन म्हणतात. द्रावणात दोन पट्ट्या बुडवून वीज जोडली की आयन आपापल्या दिशेने सरकू लागतात आणि त्यांच्या सरकण्यामुळेच द्रावणातून वीज वाहते. जितके आयन जास्त आणि जितके ते चपळ, तितकी वीज जास्त.

नुसती वाहकता मोजली तर दाट द्रावण साहजिकच पुढे दिसणार, कारण त्यात माल जास्त आहे. तुलना न्याय्य व्हावी म्हणून मोजलेल्या वाहकतेला संहतीने भागतात. संहती म्हणजे एका लिटरमध्ये पदार्थाचे किती मोल आहेत ते. या भागाकारातून एक मोल पदार्थ किती वीज वाहून नेतो हे कळतं. हीच मोलर वाहकता. तिचं एकक सीमेन्स गुणिले चौरस सेंटिमीटर प्रति मोल असं लांबलचक आहे. ते इथे एकदाच सांगतो, पुढे फक्त आकडे लिहीन. सगळे आकडे 25 अंश सेल्सिअसचे आहेत.

आता द्रावण पातळ करत नेलं, इतकं की आयन एकमेकांपासून फार दूर गेले आणि कुणाचा कुणाला अडथळा उरला नाही, तर मोलर वाहकता एका ठरावीक आकड्याकडे जाते. त्या आकड्याला मर्यादी मोलर वाहकता म्हणतात. हा आकडा प्रत्यक्ष मोजता येत नाही, कारण तिथे द्रावणात पदार्थच जवळपास उरलेला नसतो. म्हणून मोजता येतील असे बिंदू घ्यायचे आणि रेषा पुढे वाढवून शून्य संहतीला काय आलं असतं ते पाहायचं.

## मिठांच्या बाबतीत हे इतकं छान का जमतं

पोटॅशियम क्लोराइडचे खरे आकडे घेऊ. 0.01 मोलर द्रावणाची मोलर वाहकता 141.27, 0.001 मोलरची 146.95 आणि 0.0005 मोलरची 147.81. संहती वीसपट खाली आली, तरी आकडा पाच टक्केसुद्धा हलला नाही. पहिल्या दोन बिंदूंतून रेषा ओढली तर ती उभ्या अक्षाला 149.6 पाशी टेकते. शेवटच्या दोन बिंदूंतून ओढली तर 149.9 पाशी. मान्य आकडा 149.86 आहे. कुठूनही निघालात तरी मुक्काम एकच.

यामागचं कारण यात्रेतल्या गर्दीसारखं आहे. मैदानात हजार माणसं चालताहेत. मैदान मोठं केलं की धक्काबुक्की कमी होते आणि प्रत्येकजण थोडा भरभर चालतो, पण चालणारी माणसं हजारच राहतात. मीठ पाण्यात पूर्णपणे सुटं होतं, त्यामुळे पातळ केल्यावर आयनांची संख्या वाढत नाही, फक्त त्यांची चाल थोडी सुधारते. ही सुधारणा संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, हे फ्रीडरिश कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मोजमापांतून दाखवलं. वर्गमूळच का, याचं सैद्धांतिक उत्तर 1920 च्या दशकात डिबाय, ह्युकेल आणि ऑनसागर यांच्या कामातून मिळालं. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा एक ढगासारखा घेरा असतो आणि तो आयनाला मागे खेचतो. द्रावण पातळ झालं की हा घेरा विरळ होतो.

## ॲसेटिक आम्लात काय बिघडतं

त्याच यात्रेत आता चित्र बदला. हजारांतली नऊशे सत्त्याऐंशी माणसं राहुट्यांत बसली आहेत आणि फक्त तेरा जण बाहेर फिरताहेत. मैदान मोठं करत गेलं की राहुट्यांतली माणसं हळूहळू बाहेर पडू लागतात. आता एकेक माणूस किती भरभर चालतो हा मुद्दा गौण ठरतो. बाहेर किती जण आले, हाच मुख्य मुद्दा होतो.

0.1 मोलर ॲसेटिक आम्लाची नेमकी हीच अवस्था असते. त्यातले साधारण 1.3 टक्के रेणूच हायड्रोजन आयन आणि ॲसिटेट आयन असे फुटलेले असतात. बाकीचे अखंड राहतात, त्यांच्यावर प्रभार नसतो आणि ते वीज वाहून नेत नाहीत. रेणू असे फुटण्याला विचरण म्हणतात. पातळ केल्यावर विचरण वाढतं, कारण फुटलेल्या दोन तुकड्यांची पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी होते, फुटण्याचा वेग मात्र तसाच राहतो.

म्हणजे इथे मोलर वाहकता दोन वेगळ्या कारणांनी बदलते आहे. एक लहान कारण चालीचं, दुसरं प्रचंड मोठं कारण संख्येचं. वर्गमुळाची सरळ रेषा फक्त पहिल्या कारणासाठी बनलेली आहे.

दुसऱ्या कारणाचा आकार किती वेगळा आहे हे दोन आकड्यांत दिसतं. ॲसेटिक आम्लाचं 0.2 मोलर द्रावण 3.651 देतं आणि त्याच्या चौपट पातळ, म्हणजे 0.05 मोलर द्रावण 7.358 देतं. संहती चौथाई केली की मोलर वाहकता जवळपास दुप्पट. मोलर वाहकता इथे वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते आहे. अशा वक्राला सरळ रेषा समजून पट्टी लावणं म्हणजे घाटातल्या एका वळणाचा उतार पाहून पायथ्याचं गाव किती खाली आहे ते सांगण्यासारखं आहे.

## "आणखी दोन बिंदू मोजले तर?"

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही वर्गात एक हिशेब केला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या मॅकिनिस आणि शेडलॉव्स्की यांनी 1932 साली ॲसेटिक आम्लाची अतिशय काळजीपूर्वक मोजमापं प्रसिद्ध केली होती. आजही हे आकडे प्रमाण मानले जातात. ते घेतले, दोन-दोन शेजारचे बिंदू निवडले आणि प्रत्येक जोडीतून रेषा ओढून ती शून्याला काय सांगते ते पाहिलं.

0.1 आणि 0.05 मोलरचे बिंदू (5.201 आणि 7.358) जोडले तर रेषा 12.6 सांगते. 0.02 आणि 0.0098 मोलरचे बिंदू (11.566 आणि 16.371) जोडले तर 27.7. त्याहून पातळ, 0.0024 आणि 0.00103 मोलरचे बिंदू (32.217 आणि 48.146) घेतले तर 78. आणि सगळ्यांत पातळ दोन, 0.00011 आणि 0.000028 मोलरचे (127.75 आणि 210.38) घेतले तर 293.

फळ्यावर आकडे मांडत गेलो तसा वर्ग शांत झाला. पोटॅशियम क्लोराइडचं उत्तर कुठूनही काढलं तरी 150 च्या आसपास येत होतं. इथे 13, 28, 78, 293. खरं उत्तर साधारण 390.7 आहे, ते कसं काढतात हे पुढे येईलच.

"म्हणजे आपण जवळ येतोय," ती म्हणाली. तेही खरं होतं, म्हणून हिशेब आणखी पुढे नेला. इतक्या पातळ द्रावणांची विश्वासार्ह मोजमापं हाताशी नव्हती, म्हणून विचरणाच्या सूत्रावरून आकडे काढले. 0.0000044 आणि 0.0000011 मोलर या संहतींना रेषा ओढली तर ती 414 सांगते! म्हणजे उत्तर ओलांडून ती वर गेली. त्याहून पातळ बिंदू घेतले की ती पुन्हा खाली येऊ लागते. कारण शेवटच्या टप्प्यात जवळजवळ सगळेच रेणू फुटलेले असतात आणि वक्र अक्षाजवळ येताना सपाट होतो. आधी कडा, मग सपाटी. या दोन्हींच्या मधे कुठेही पट्टी लावली तरी उत्तर एक तर कमी येतं किंवा जास्त. आणि आपण वक्राच्या कुठल्या भागात आहोत हे कळायला खरं उत्तर आधीच माहीत असावं लागतं.

## मग अगदी शेवटपर्यंत पातळ करू

सपाटीवर पोहोचायचं म्हणजे किती पातळ करायचं? 99 टक्के रेणू फुटावेत असं वाटत असेल तर संहती सुमारे 0.00000018 मोलर हवी. हे समजायला सोपं व्हावं म्हणून असं पाहा: घरातल्या पाच टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक थेंब 200 लिटरच्या पिंपात टाकला तर साधारण एवढं द्रावण तयार होतं.

आता या पिंपातल्या पाण्यात वीज कोण वाहून नेतंय ते बघू. व्हिनेगरच्या त्या थेंबाची वाहकता दर सेंटिमीटरला सुमारे 0.07 मायक्रोसीमेन्स असेल. अगदी शुद्ध पाण्याची स्वतःची वाहकता 0.055 मायक्रोसीमेन्स असते, कारण पाण्याचेही थोडे रेणू फुटलेले असतात. म्हणजे आम्ल आणि पाणी जवळपास बरोबरीला आले. पण शुद्ध पाणी हवेत उघडं ठेवलं की ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याची वाहकता 1 मायक्रोसीमेन्सच्या आसपास जाते. आम्लाच्या वाट्याच्या चौदापट! काचेतून झिरपणारे क्षार तर अजून धरलेच नाहीत.

पाण्याची वाहकता किती कमी करता येते हे पाहायला कोलराउश आणि त्यांचे सहकारी हायडवायलर यांनी 1894 मध्ये निर्वातात ऊर्ध्वपातन करून पाणी शुद्ध केलं होतं. 18 अंशांना त्यांना 0.043 मायक्रोसीमेन्स मिळाले. एवढ्या मेहनतीनंतरसुद्धा पाणी पूर्ण गप्प बसत नाही.

इथे कुणी म्हणेल की पाण्याचा वाटा आधी मोजून वजा करू. दाट द्रावणात हे चालतं. इथे चालत नाही, कारण आम्ल टाकल्यावर पाण्याचा स्वतःचा वाटा बदलतो. आम्लाने दिलेले हायड्रोजन आयन पाण्याचं फुटणं दाबून टाकतात. वजा करायचा आकडाच जागेवर राहत नाही.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पाण्यात स्वतःचे 0.0000001 मोलर हायड्रोजन आयन कायम असतात. आम्ल कितीही पातळ केलं तरी हायड्रोजन आयन त्याखाली जात नाहीत. म्हणून ॲसेटिक आम्ल पाण्यात कधीच शंभर टक्के फुटत नाही. ते साधारण 99.4 टक्क्यांवर अडतं. ॲसेटिक आम्लात हा फरक किरकोळ आहे. पण हायड्रोसायनिक आम्लासारखं फार सौम्य आम्ल असलं तर अमर्याद पातळ केल्यावरही त्याचे 0.6 टक्क्यांच्या आसपासच रेणू फुटतात. अशा आम्लाची मर्यादी मोलर वाहकता म्हणजे 'सगळे रेणू फुटले असते तर' अशी कल्पनेतली अवस्था असते. कुठल्याही बाटलीत ती नसते. पट्टी लावून तिथे पोहोचायचं म्हटलं तर पोहोचायला जागाच नाही.

## ऊसकाट्यावरची युक्ती

सौम्य आम्लाला थेट विचारून उत्तर मिळत नाही. मग उत्तर दुसऱ्यांकडून काढून घ्यायचं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी कशी मोजतात? भरलेली गाडी काट्यावर उभी करतात, ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा मोजतात आणि वजाबाकी करतात. ऊस एकटा काट्यावर कधीच चढत नाही, तरी त्याचं वजन अचूक कळतं. आता समजा एक लाल ट्रॅक्टर आणि एक निळी ट्रॉली आहे, पण काही कारणाने ही जोडी एकत्र काट्यावर येऊ शकत नाही. तरी त्यांचं एकत्र वजन काढता येईल. लाल ट्रॅक्टर पिवळ्या ट्रॉलीसह मोजा. हिरवा ट्रॅक्टर निळ्या ट्रॉलीसह मोजा. या दोन वजनांची बेरीज करा आणि त्यातून हिरवा ट्रॅक्टर अधिक पिवळी ट्रॉली हे वजन काढून टाका. उरतं ते लाल ट्रॅक्टर आणि निळ्या ट्रॉलीचं.

ही युक्ती एकाच अटीवर चालते. ट्रॅक्टरचं वजन त्याच्यामागे कुठली ट्रॉली आहे यावर अवलंबून नसावं. वजनाच्या बाबतीत ते उघडच आहे. आयनांच्या बाबतीत मात्र ते सिद्ध करावं लागतं आणि कोलराउशने 1870 च्या दशकात नेमकं हेच केलं.

त्याचा पुरावा साधा आहे. पोटॅशियम क्लोराइडची मर्यादी मोलर वाहकता 149.86, सोडियम क्लोराइडची 126.45. फरक 23.41. आता क्लोराइडऐवजी नायट्रेट घ्या: पोटॅशियम नायट्रेट 144.96, सोडियम नायट्रेट 121.55. फरक पुन्हा 23.41. ब्रोमाइडच्या जोडीतही तो 23.4 च येतो. सोबती कुणीही असो, पोटॅशियम सोडियमपेक्षा तेवढाच पुढे असतो. म्हणजे खूप पातळ द्रावणात प्रत्येक आयन आपला वाटा एकट्याच्या बळावर उचलतो, सोबतीच्या जिवावर नाही. यालाच आयनांच्या स्वतंत्र गमनाचा नियम, म्हणजेच पुस्तकातला कोलराउशचा नियम म्हणतात.

हे मोजण्यासाठी कोलराउशला आधी एक अडचण सोडवावी लागली होती. एकाच दिशेने वीज सोडली तर पट्ट्यांवर वायू आणि प्रभार साचतो आणि आकडा सतत घसरत राहतो. त्याने दिशा झपाट्याने उलटसुलट होणारी प्रत्यावर्ती वीज वापरली, म्हणजे पट्ट्यांवर काही साचायला वेळच मिळत नाही. आजच्या प्रयोगशाळेतलं वाहकतामापक यंत्रही याच पद्धतीने चालतं.

## ॲसेटिक आम्लाचा हिशेब

आता काट्यावरची गाडी आणि आपलं आम्ल यांची सांगड घालू. लाल ट्रॅक्टर म्हणजे हायड्रोजन आयन, निळी ट्रॉली म्हणजे ॲसिटेट. ही जोडी काट्यावर येत नाही, कारण ती पूर्ण फुटतच नाही. पण हायड्रोजन आयन हायड्रोक्लोरिक आम्लात मिळतो आणि ते आम्ल पूर्ण फुटतं. ॲसिटेट सोडियम ॲसिटेटमध्ये मिळतो, तो क्षारही पूर्ण फुटतो. या दोहोंतले जादा झालेले सोडियम आणि क्लोराइड मिळून मीठ होतं, आणि मिठाचा आकडा आपल्याकडे आहेच. तिन्ही पदार्थांसाठी वर्गमुळाची सरळ रेषा चांगली बसते. खाली Λ° म्हणजे मर्यादी मोलर वाहकता.

```
Λ°(CH3COOH) = Λ°(HCl) + Λ°(CH3COONa) − Λ°(NaCl)
            = 426.2   + 91.0          − 126.5
            = 390.7
```

तीन साध्या रेषांतून आलेला हा आकडा आहे. त्यात हायड्रोजन आयनाचा एकट्याचा वाटा 349.8 आणि ॲसिटेटचा 40.9 आहे. हायड्रोजन आयन इतका पुढे असतो, कारण तो इतर आयनांसारखा पाण्यातून ढकलत-ढकलत जात नाही. पाण्याचा एक रेणू त्याला शेजारच्या रेणूच्या हाती सोपवतो, विहिरीवरून घरापर्यंत माणसांच्या रांगेतून घागर पुढे सरकवावी तसा. एकेका आयनाचे हे वेगळे वाटे काढायला निराळे प्रयोग लागतात. वरच्या तीन पदार्थांच्या हिशेबाला मात्र त्यांची गरज पडत नाही आणि म्हणूनच ही रीत शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते.

## हे उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

माझ्या मते सगळ्यांत समाधान देणारा भाग हाच आहे, आणि तो नेमका प्रयोगवहीत नसतो.

मर्यादी आकडा हाती आला की कुठल्याही संहतीला किती टक्के रेणू फुटलेत हे काढता येतं. मोजलेली मोलर वाहकता भागिले मर्यादी मोलर वाहकता. 0.00103 मोलरला 48.146 भागिले 390.7, म्हणजे 12.3 टक्के. यावरून रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्डने 1888 मध्ये मांडलेल्या सूत्राने आम्लाचा विचरण स्थिरांक काढतात. हा स्थिरांक म्हणजे आम्लाची ओळख आहे. द्रावण दाट असो की पातळ, तो बदलता कामा नये. खाली Λ म्हणजे मोजलेली मोलर वाहकता, α म्हणजे फुटलेल्या रेणूंचं प्रमाण, c म्हणजे संहती आणि K म्हणजे हा स्थिरांक.

```
α = Λ / Λ°
K = c·α² / (1 − α)
```

390.7 धरून मॅकिनिस-शेडलॉव्स्की यांच्या आकड्यांवर हिशेब केला तर 0.1 मोलरला स्थिरांक 0.0000180 येतो, 0.00103 मोलरला 0.0000178, 0.00011 मोलरला 0.0000177 आणि 0.000028 मोलरला 0.0000176. संहती साडेतीन हजारपट बदलली, तरी स्थिरांक दोन-अडीच टक्केच हलला.

आता मुद्दाम चुकीचा आकडा वापरून पाहा. शेवटच्या पट्टीने दिलेला 293 घ्या. 0.1 मोलरला स्थिरांक 0.000032 येतो, आणि 0.000028 मोलरला 0.000051. ओळखच बदलत चालली! चुकीचा मर्यादी आकडा इथे लगेच पकडला जातो. सौम्य आम्लाचा आकडा कुठूनही मिळाला असेल, तर त्याची तपासणी अशीच करायची.

390.7 धरूनही जी दोन टक्क्यांची घसरण दिसते तिच्यामागे मुख्यतः आयनांची एकमेकांवरची ओढ आहे. दाट द्रावणात या ओढीमुळे फुटलेले आयन जरा जास्त टिकून राहतात, म्हणून स्थिरांक किंचित मोठा दिसतो; चालीचं ते लहान कारण उलट त्याला थोडं कमी दाखवतं. या दोन्हींची दुरुस्ती केली की स्थिरांक 0.0000175 वर स्थिरावतो.

## पण ऑस्टवाल्डचं सूत्र उलटं वापरलं तर?

हुशार मुलं हमखास हा मार्ग सुचवतात. वर्गमुळाचा आलेख वाकडा असेल तर सूत्राची मांडणी बदलून सरळ रेषा येईल असा आलेख काढू. आडव्या अक्षावर संहती गुणिले मोलर वाहकता, उभ्या अक्षावर मोलर वाहकतेचा व्यस्तांक. यातून खरोखरच सरळ रेषा येते आणि उभ्या अक्षाला जिथे ती टेकते तो मर्यादी आकड्याचा व्यस्तांक असतो.

रीत तत्त्वतः चूक नाही. अडचण टेकण्याच्या जागेची आहे. तो व्यस्तांक 0.00256 इतका लहान असतो, तर 0.1 मोलरचा बिंदू 0.192 उंचीवर असतो. एवढ्या उंचीवरून इतक्या खाली नेम धरायचा. 0.00103 आणि 0.00011 मोलरचे उत्तम आकडे घेतले तर 383 येतं, तेही शतांशात चुका नसलेल्या मोजमापांतून. 0.0098 आणि 0.0059 मोलरवरून 320 च्या आसपास येतं. आणि 0.1 व 0.05 मोलर घेतले तर रेषा अक्षाला शून्याच्या खाली टेकते, म्हणजे मर्यादी मोलर वाहकता ऋण! आयनांच्या परस्परांवरच्या किंचित ओढीने रेषेत आलेला बारीकसा कल एवढा मोठा होतो. शाळेच्या यंत्रात एक टक्क्याची चूक असतेच, त्यामुळे ही रीत तिथे नुसता अंदाज देते.

## नियम कुठे लागू नाही

आयनांचा स्वतंत्रपणा फक्त शून्याकडे जाणाऱ्या संहतीला असतो. 0.1 मोलरचे आकडे घेऊन तीच बेरीज-वजाबाकी केली, 391.3 अधिक 72.8 वजा 106.7, तर 357 येतं. हा आकडा ना मर्यादी आहे, ना 0.1 मोलर ॲसेटिक आम्लाचा खरा आकडा, जो 5.2 आहे. परीक्षेत ही चूक नेहमी होते. आधी तिन्ही पदार्थ शून्यापर्यंत न्यायचे, मग बेरीज-वजाबाकी करायची.

तापमान तिन्ही वेळा एकच हवं. अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाहकता बदलते, त्यामुळे सकाळी मोजलेलं मीठ आणि दुपारी मोजलेलं सोडियम ॲसिटेट एकत्र करून चालत नाही. सल्फेटसारखा दुहेरी प्रभार असेल तर सोडियम दोन मोजावे लागतात. अमोनियाच्या द्रावणासारख्या सौम्य आम्लारीलाही रीत तीच लागते: अमोनियम क्लोराइड अधिक सोडियम हायड्रॉक्साइड वजा मीठ, उत्तर 271 च्या आसपास.

एक अडचण मात्र बारकाईने पाहावी लागते. आम्ल जितकं सौम्य, तितका त्याचा सोडियम क्षार पाण्यात बिघडतो. ऋण आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो, जो फार चपळ असतो आणि आकडा फुगवतो. सोडियम ॲसिटेटमध्ये 0.001 मोलरला हजारातला एखादाच आयन असं करतो, तिथे त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. सायनाइडच्या क्षारात मात्र शंभरातले बारा-तेरा आयन असं करतात. त्या वेळी क्षाराच्या द्रावणात त्याच सौम्य आम्लाचं थोडं जादा प्रमाण घालतात. सायनाइडच्या बाबतीत ते विषारी असतं, म्हणून हे काम धूरकपाटातच करायचं. क्षाराइतकंच आम्ल घातलं तर बारा-तेराचं प्रमाण दीडच्या आसपास उतरतं. आणि घातलेलं आम्ल स्वतः जवळजवळ फुटत नसल्यामुळे वाहकतेत फारशी भर घालत नाही. ज्या न फुटण्यामुळे पट्टी लावता येत नव्हती, तेच न फुटणं इथे कामी येतं.